जमिनीवर पसरलेल्या खेळण्यांचा फोटो आणि झोपतानाची गोष्ट: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सोलापुरात आमच्याकडे बालवाडीत येणाऱ्या मुलांच्या घरून एक विचारणा सतत येते. खेळण्यांच्या पसाऱ्याच्या फोटोवरून रात्री गोष्ट सांगा असं तुम्ही म्हणता, पण ती जमवायची कशी? दीड ते साडेतीन वर्षांच्या मुलांचे आई-बाबा, आज्या आणि एक-दोन आजोबाही हे विचारतात. तेच प्रश्न इथे एकत्र केले आहेत. एकाचं उत्तर दुसऱ्यात असेल तिथे त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. फोटोवरून गोष्ट म्हणजे नेमकं काय करायचं? खेळणी समोरच असताना फोटो कशाला?

फोटो लागतो, कारण गोष्ट सांगायच्या वेळी पसारा तिथे नसतो, आणि तो नसलेलाच बरा.

क्रम असा. संध्याकाळचा खेळ संपला, जेवणाची हाक आली, की आवरण्याआधी पसाऱ्याचा एक फोटो काढायचा. मग मुलाबरोबर खेळणी जागेवर ठेवायची. जेवण, हातपाय धुणं, कपडे बदलणं झालं की फोटो एकदा मुलाबरोबर बघायचा. "हा कोण? हा इथे काय करतोय?" एवढंच, मिनिटभर. मग फोन बाजूला, मोठा दिवा बंद आणि अंथरुणात गोष्ट.

फोटोत पसारा आहे आणि खोलीत आवरलेलं आहे. तिथून इथे खेळणी कशी आली, हीच गोष्ट. तुम्हाला सुरुवातही सुचवावी लागत नाही आणि शेवटही. सुरुवात फोटोत आहे, शेवट फळीवर आहे. मधला रस्ता तेवढा सांगायचा.

ज्यांची गोष्ट जमत नाही, त्यांच्याकडे बहुतेक वेळा हा शेवट फळीवर नसतो. त्याबद्दल प्रश्न ६ मध्ये सविस्तर लिहिलं आहे.

२. फोटो कसा काढायचा? आमचे फोटो पाहून काहीच सुचत नाही.

उभं राहून वरून काढलेल्या फोटोत सगळी खेळणी फरशीवर चिकटवल्यासारखी दिसतात. कोण कुणाकडे बघतंय, कोण कुणाच्या मागे लपलंय, काही कळत नाही. खाली बसा, फोन मुलाच्या डोळ्यांच्या उंचीवर धरा आणि दारातून आत असा फोटो काढा. मग हत्ती मोठा दिसतो, टेम्पो त्याच्या मागे जातो आणि दिवाणाखालचा चेंडूही फोटोत येतो.

फोटोसाठी खेळणी मांडू नका. नीट रांगेत उभ्या केलेल्या खेळण्यांना काही अडचण नसते, त्यामुळे त्यांची गोष्टही होत नाही. काही तरी उलटं, अडकलेलं, अर्धं दिसणारं हवं. मूल फोटोत आलं नाही तर उत्तम. आलं तर पसारा सोडून ते स्वतःलाच बघत बसतं.

खाली बसलातच तर दिवाणाखाली नीट नजर टाका. आवाज करणाऱ्या किंवा दिव्यांच्या खेळण्यांत बटणासारखे चपटे सेल असतात. झाकण सैल असेल तर ते निघून पडतात. असा सेल गिळला गेला तर दोन तासांतही अन्ननलिका भाजू शकते. गिळल्याची नुसती शंका आली तरी वाट न बघता थेट हॉस्पिटल गाठायचं. गोष्टीशी याचा संबंध नाही, पण फोटो काढताना असा सेल पडलेला दिसू शकतो, म्हणून सांगितलं.

३. फोटोत पंधरा-वीस वस्तू असतात. कुठल्या घ्यायच्या?

तीन, फार तर चार. दोन-अडीच वर्षांच्या मुलाला एका गोष्टीत एवढीच पात्रं नीट धरता येतात. पाचवं आलं की पहिलं कुठे गेलं असं ते विचारतं आणि गोष्ट हजेरी घेण्यात अडकते.

निवडताना आधी अडचणीतलं खेळणं शोधा. उलटलेलं, अडकलेलं, एकटं पडलेलं, तोंड झाकलेलं. ते पहिलं पात्र. मग त्याला मदत करू शकतील अशी दोन-तीन घ्या, पण त्यांचे आवाज वेगळे हवेत. हत्ती धप धप चालतो, लाकडी बैल टुक टुक, चेंडू गडगडत येतो. मूल गोष्ट ऐकताना कोण आलं हे आवाजावरून ओळखतं. दोन मोटारी एकाच गोष्टीत घेतल्या तर दोघींची घर्रघर्र सारखीच होते.

मुलाचं सगळ्यात लाडकं खेळणं, जे ते रात्री जवळ घेऊन झोपतं, ते मात्र अडचणीत टाकू नका. ते मदतीला येऊ द्या. लाडकी बाहुली उलटी पडून रडतेय असं ऐकलं की काही मुलांचे ओठ लगेच थरथरतात.

४. एक फोटो घेऊन पूर्ण गोष्ट करून दाखवाल का?

एका घरचा फोटो घेऊ. फरशीवर एक सोलापुरी चादर अर्धी उलगडलेली. त्यात तोंड खुपसून पडलेला कापडी हत्ती. चादरीच्या अलीकडे लाल प्लॅस्टिकचा टेम्पो, उलटा, चाकं वर. भिंतीजवळ गड्ड्याच्या जत्रेतून आणलेला लाकडी बैल, त्याचं एक शिंग तुटलेलं. दिवाणाखाली निळा चेंडू, निम्मा अंधारात. शिवाय स्वयंपाकघरातून आलेली एक स्टीलची वाटी, पाच-सहा ठोकळे, एक पायमोजा आणि पुठ्ठ्याचं फाटकं पुस्तक.

अडचण कुणाची हे विचारायलाच नको. टेम्पो उलटा आहे. तो स्वतःहून सरळ होऊ शकत नाही, हे दोन वर्षांच्या मुलालाही माहीत असतं, कारण त्यानेच तो उलटा केलेला असतो. मदतीला हत्ती, बैल आणि चेंडू. वाटी मला फार आवडली होती, टण्ण आवाज येतो, पण ती सोडली. झोपताना भांडं वाजवायची आठवण कशाला करून द्यायची! ठोकळे आणि पायमोजाही सोडले.

ही झाली गोष्ट. "ओवी"च्या जागी तुमच्या मुलाचं नाव घाला.

*संध्याकाळ झाली. खोलीत कुणी नाही. लाल टेम्पो पडला होता उलटा. चाकं वर!*
*टेम्पो म्हणाला, "पीं पीं! मला सरळ करा!"*

*हत्तीने ऐकलं. हत्तीचं तोंड होतं चादरीत. तो म्हणाला, "आलो, आलो."*
*धप. धप. धप. आला हत्ती. सोंड लावली. हेऽऽ हुप्प! टेम्पो हलला? नाही हलला.*
*"पीं पीं! मला सरळ करा!"*

*बैलाने ऐकलं. बैलाला एकच शिंग. तो म्हणाला, "आलो, आलो."*
*टुक. टुक. टुक. आला बैल. शिंग लावलं. हेऽऽ हुप्प! टेम्पो हलला? थोडासा हलला.*
*"पीं पीं! मला सरळ करा!"*

*चेंडूने ऐकलं. चेंडू होता दिवाणाखाली. तो म्हणाला, "आलो, आलो."*
*गड गड गड गड. आला चेंडू. हत्तीने लावली सोंड. बैलाने लावलं शिंग. चेंडूने लावलं पोट. हेऽऽ हुप्प! धडाम!*
*टेम्पो सरळ. चाकं खाली.*

*टेम्पो म्हणाला, "बसा. घरी सोडतो." हत्ती बसला. बैल बसला. चेंडू बसला. घर्र… घर्र… हळूच गेला टेम्पो.*
*टोपली आली. हत्ती उतरला. टोपलीत झोपला.*
*फळी आली. बैल उतरला. फळीवर झोपला.*
*डबा आला. चेंडू उतरला. डब्यात झोपला.*
*टेम्पो गेला कपाटाजवळ. चाकं खाली. दिवे बंद. पीं… झोपला.*
*आणि चादरीत कोण? चादरीत ओवी. ओवी झोपली.*

आता यात काय काय मुद्दाम केलं आहे ते बघा. तीनदा मदत येते आणि तिन्ही वेळा वाक्यं जवळजवळ तीच आहेत. दुसऱ्या खेपेपासून "आलो, आलो" मूल तुमच्या आधी म्हणतं. पण तिसरी खेप वेगळी आहे, तिघं मिळून लावतात, नाही तर गोष्ट पुढेच सरकणार नाही. सगळ्यात मोठा आवाज "धडाम" आहे आणि तो मुद्दामच शेवटाच्या बराच आधी ठेवला आहे. त्यानंतर जेवढं उरतं त्यात नवीन काहीच घडत नाही. उतरला, झोपला, उतरला, झोपला. ही जागा कंटाळवाणी वाटते म्हणून अनेक बाबा इथे आणखी एक गंमत घालतात. हत्ती टेम्पोतून पडतो, परत धडाम. मग मूल उठून बसतं आणि "परत!" म्हणतं. कंटाळवाणीच असू द्या.

आवाजही तसाच उतरवायचा. पहिलं "पीं पीं" खणखणीत, शेवटचं "पीं" नुसता श्वास. "झोपला" दर वेळी आधीपेक्षा हळू, आणि दोन "झोपला"च्या मध्ये तुमचा एक पूर्ण श्वास जाऊ द्या.

५. गोष्ट किती लांब हवी? आमचं बाळ दीड वर्षाचं आहे, तर बहिणीची मुलगी तीन वर्षांची.

वरची गोष्ट सावकाश सांगितली तर तीन-चार मिनिटं लागतात. दोन-अडीच वर्षांच्या मुलाला ती बरोबर होते.

दीड वर्षाच्या बाळाला अडचण आणि मदत असं काही नको. त्याच्यासाठी गोष्टीचा फक्त शेवटचा भाग घ्या. हत्ती कुठे? टोपलीत. हत्तीने गाई गाई केली. चेंडू कुठे? डब्यात. चेंडूने गाई गाई केली. तीन वस्तू, मिनिट-दीड मिनिट. बाळ अंधारात टोपलीच्या दिशेने बोट दाखवतं, तेच त्याचं गोष्ट ऐकणं.

तीन वर्षांच्या पुढे पात्रं वाढवू नका, कारण वाढवा. टेम्पो उलटा का झाला? तो भरधाव चादरीवर चढायला गेला. बैल आधी येईना, का? त्याला वाटलं एका शिंगाने काय होणार. या वयात "का" विचारायला सुरुवात झालेली असते, आणि त्याचं उत्तर गोष्टीतच मिळालं तर मूल मध्ये अडवत नाही. वेळ पाच-सहा मिनिटांवर जाते. त्यापुढे गेलात तर गोष्ट तुम्ही स्वतःसाठी सांगताय.

६. गोष्ट संपली की आमचा मुलगा उठून खेळणं शोधायला जातो. काय चुकतं?

बहुधा गोष्टीचा शेवट खोलीशी जुळत नसतो. तुम्ही म्हणालात "चेंडू डब्यात झोपला", आणि चेंडू प्रत्यक्षात दिवाणाखालीच आहे. मुलाला ते माहीत आहे, कारण त्यानेच तो तिथे ढकलला. ते तपासायला उठतं. त्यात त्याचा हट्ट नाही. तुमची माहिती चुकली आहे आणि ती त्याला दुरुस्त करायची आहे.

म्हणून गोष्टीत घ्यायची तीन-चार खेळणी झोपायच्या आधी मुलाच्याच हातून त्या-त्या जागी जायला हवीत. सगळा पसारा नाही आवरला तरी चालेल. ठोकळे राहिले तर राहू द्या, पण हत्ती टोपलीत, बैल फळीवर, चेंडू डब्यात आणि टेम्पो चाकांवर उभा. अंथरुणातून मान वळवली की दिवलीच्या उजेडात निदान एखादं दिसावं. एक दिसलं की बाकीच्यांवर मूल विश्वास ठेवतं.

जुळवूनही मूल उठत असेल तर गोष्टीतला शेवटचा उतार तपासा. बहुतेक वेळा "धडाम" उशिरा आलेला असतो किंवा त्यानंतर काही तरी नवीन घडलेलं असतं. कधी कधी मात्र मुलाला साधी शू लागलेली असते, तेही बघा.

७. अंथरुणात फोनवर फोटो दाखवत गोष्ट सांगितली तर चालत नाही का?

न दाखवलेली बरी. पहिलं कारण अगदी व्यवहाराचं आहे. फोन हातात आला की मूल बोटाने पुढचा फोटो सरकवतं, मग व्हिडिओ लागतो, आणि हत्ती टोपलीत राहतो. दुसरं म्हणजे उजेड. खोली अंधारी करून डोळ्यांसमोर लखलखीत चौकोन धरायचा, हे झोपेच्या उलटच झालं. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली लहान मुलांसाठी दिलेल्या सूचनांमध्ये एक वर्षाच्या मुलाला बसून स्क्रीन दाखवूच नका, आणि दोन वर्षांपासून चारपर्यंत दिवसभरात एक तासाच्या वर नको, कमी असेल तर आणखी चांगलं, असं म्हटलं आहे. फोटो बघायचं एक मिनिट अंथरुणात शिरण्याआधी, दिवा चालू असतानाच संपवा.

मुलाला हातात काही तरी हवंच असेल तर फोटो स्टुडिओतून चार बाय सहाची प्रिंट काढून आणा. खर्च फारसा येत नाही, आणि तीच प्रिंट आठवडाभर उशाशी चालते. कोपरे चावले जातात, त्याला इलाज नाही.

८. रोज नवीन फोटो, नवीन गोष्ट हवी का? आमच्या मुलीला दहा दिवस झाले तोच उलटा टेम्पो हवा.

मग टेम्पोच सांगा. या वयाच्या मुलाला पुढे काय येणार हे माहीत असण्यातच मजा वाटते. "नाही हलला" हे ती तुमच्याआधी म्हणू लागली की गोष्ट मुरली समजा. कंटाळा तुम्हाला येतो, तिला नाही.

वाक्यं मात्र बदलू नका. काल टुक टुक आला आणि आज बैल चालत आला, तर ती झोपेतून उठून सांगेल, "नाही, टुक टुक!" म्हणून पहिल्याच दिवशी आवाज ठरवून घ्या आणि आजी-आजोबांनाही सांगून ठेवा. एकाच घरात दोन बैल असले की रात्री वाद होतात.

नवीन गोष्ट आणायची असेल तर जुनीचा सांगाडा ठेवा आणि फक्त अडचण बदला. आज टेम्पो उलटा, उद्या चेंडू अडकला. "आलो, आलो" आणि "हेऽऽ हुप्प" तेच.

९. मध्येच मूल गोष्ट बदलतं. "हत्ती नको, जेसीबी आला" म्हणतं. मान्य करायचं का?

"धडाम"पर्यंत मान्य. जेसीबी आला, त्यानेही लावलं बकेट, हेऽऽ हुप्प. फक्त तो एका कुणाच्या जागी आला पाहिजे, चौथा-पाचवा म्हणून नाही (प्रश्न ३ बघा). "धडाम"नंतर काही मागितलं तर "तो उद्या येतो, आज झोपला" म्हणायचं आणि पुढे जायचं. हत्ती काढून जेसीबी आणला असेल, तर शेवटी जेसीबी झोपतो कुठे हेही सांगावं लागतं, आणि तो खरोखर तिथे आहे का हेही. नसेल तर मुलाने नाव घेतल्याबरोबरच म्हणा, "जेसीबी कामावर गेलाय."

१०. दिवाणाखालच्या अंधारातल्या चेंडूचं ऐकून मुलगी घाबरली. हा भाग काढू का?

अंधार काढू नका, अंधारातला मुक्काम काढा. चेंडू दिवाणाखाली "अडकला होता, एकटा होता, रडत होता" असं रंगवलं की भीती बसते. वरच्या गोष्टीत तो नुसता "दिवाणाखाली होता" आणि हाक ऐकताच गडगडत बाहेर आला. एवढ्यावरच ठेवा. दिवसा बॅटरी घेऊन तिच्याबरोबर एकदा दिवाणाखाली बघून घ्या. धुळीचा गोळा आणि हरवलेली चप्पल सापडली की त्या जागेचा दरारा संपतो.

बागुलबुवा, भुताटकी, खेळणी पळवणारा चोर हे झोपतानाच्या गोष्टीत कधीच नको. मूल ते ऐकून गप्प पडतं खरं, पण ते झोपलेलं नसतं.

११. आमच्या घरी सासूबाई तेलुगूत बोलतात, मी मराठीत. गोष्ट कुठल्या भाषेत?

सोलापुरात हा प्रश्न येणारच. शेजारच्या घरी कन्नड असतं, पलीकडे उर्दू. जो सांगेल त्याने आपल्या भाषेत सांगावी. हिशेबाने अर्धी-अर्धी करू नये. आजी तेलुगूत सांगत असतील तर पूर्ण तेलुगूत, आणि शेवटी "बज्जो" म्हणतील तर म्हणू द्या. तुम्ही सांगाल तेव्हा तुमच्या शेवटी "झोपला". फोटो एकच, खेळणी तीच आणि आवाज तेच असले की मूल दोन्हीकडे गोष्ट ओळखतं. टुक टुक मात्र दोघींनी टुक टुकच ठेवावं.

१२. खेळणं मोडलेलं, हरवलेलं किंवा शेजारच्या मुलाचं असेल तर?

मोडलेलं खुशाल घ्या. एका शिंगाचा बैल वरच्या गोष्टीत आलाच आहे. फक्त तुटलेलं शिंग गोष्टीत परत जोडू नका. सकाळी बैल तसाच असतो आणि मग पुन्हा जुळत नाही.

हरवलेलं खेळणं जरा अवघड आहे. जुन्या फोटोत ते दिसतं आणि मूल नेमकं त्याच्यावरच बोट ठेवतं. "ते गावाला गेलंय" असं सांगणं सोपं, पण मग ते परत कधी येणार हे रोज सांगावं लागतं. त्यापेक्षा तो फोटो बाजूला ठेवून नवीन काढा. मुलाने विचारलंच तर "सापडत नाहीये, उद्या शोधू" एवढं खरं उत्तर पुरे, आणि दुसऱ्या दिवशी खरंच शोधा.

शेजारच्या मुलाचं खेळणं फोटोत असेल तर ते संध्याकाळीच परत जातं. त्याला पात्र करू नका, नाही तर रात्री नऊ वाजता शेजाऱ्यांचं दार वाजवायची वेळ येते. फारच आग्रह झाला तर टेम्पोने त्याला सगळ्यात आधी त्याच्या घरी सोडायचं, आणि मग बाकीची मंडळी.

१३. दोन मुलं आहेत, पाच वर्षांचा दादा आणि दोन वर्षांची धाकटी. एकच गोष्ट चालेल?

चालेल, पण दादाला श्रोता म्हणून बसवू नका. तो "टेम्पो बोलत नसतो" म्हणणार आणि धाकटीची गोष्ट मोडणार. त्याला आवाजाचं काम द्या. धप धप, टुक टुक, गड गड हे त्याने करायचं. शेवटच्या "झोपला"च्या भागात आवाज नाहीतच, त्यामुळे तोही आपोआप थांबतो. दोघांच्याही नावाने शेवट करा, आधी धाकटी, मग दादा. दादाला शेवटी झोपायला मिळालं की तो खूश असतो.

१४. उन्हाळ्यात आम्ही गच्चीवर झोपतो. खोली नाही, फळी नाही, मग शेवट कसा जुळवायचा?

एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे हे व्हायचंच. गोष्टीतली तीन-चार खेळणी एका टोपलीत घालून वर न्या. शेवट असा बदला की टेम्पो जिना चढून वर आला, हत्ती उशाशी झोपला, बैल टोपलीत, चेंडूही टोपलीत. चेंडू मोकळा ठेवू नका, तो गच्चीच्या उताराने पन्हळीकडे जातो आणि मागोमाग मूल. वर थोडं वारं असतं, शेजारच्या गच्चीवरचे आवाज असतात, त्यामुळे गोष्ट जरा आखूडच सांगा.

लाइट गेली आणि मूल घाबरून जागं झालं, तर अख्खी गोष्ट पुन्हा नको. फक्त शेवटची "झोपला"ची रांग घ्या आणि पंख्याऐवजी हाताने वारा घाला.

१५. बाबा पुण्यात नोकरीला आहेत. त्यांनी फोनवरून गोष्ट सांगितली तर? रेकॉर्ड करून लावली तर?

फोटो बाबांना संध्याकाळीच पाठवा. व्हिडिओ कॉल खेळणी आवरायच्या वेळी करा. बाबांनी विचारावं, "टेम्पो उलटा कसा?" आणि मुलाने तो सरळ करून दाखवावा. रात्रीची गोष्ट मात्र आवाजाच्या कॉलवर, फोन उशीपासून दूर, पालथा ठेवून. बाबांना खोली दिसत नाही, म्हणून कोण कुठे ठेवलंय हे त्यांना आधी लिहून कळवा. "हत्ती टोपलीत, बैल फळीवर, चेंडू डब्यात." एवढं न कळवल्यामुळेच बहुतेक फोनवरच्या गोष्टी फसतात.

रेकॉर्ड केलेली गोष्ट ज्या दिवशी बाबांना बोलता येणार नाही त्या दिवसापुरती ठीक. मुलाने "आलो, आलो" म्हटल्यावर रेकॉर्डिंग थांबत नाही, तिथे ते चिडतं. रेकॉर्ड करतानाच त्या जागा मोकळ्या सोडा, तीन-चार सेकंद गप्प राहा.

१६. "आवरलं नाही तर खेळणी रुसून निघून जातात" असा शेवट केला तर मूल आवरायला शिकेल का?

झोपताना तरी नको. खेळणी निघून जाणार हे ऐकून मूल रात्री खेळणी मोजत बसतं, किंवा सगळी अंथरुणात घेऊन झोपायचा हट्ट धरतं. आवरण्याचं काम गोष्टीआधीच झालेलं असतं (प्रश्न १ आणि ६). गोष्टीवर ते ओझं परत टाकायची गरज नाही.

१७. गोष्ट सांगता सांगता मीच झोपते, आणि मूल जागं!

हे विचारणाऱ्या आयांची संख्या बरीच आहे. आडवं पडून सांगू नका, भिंतीला टेकून बसा. हात मुलाच्या पाठीवर ठेवा, म्हणजे तुमचा आवाज थांबला तरी हात चालू राहतो. दिवसभर दमला असाल तर प्रश्न ५ मधली दीड वर्षाच्या बाळाची छोटी गोष्ट घ्या, मूल तीन वर्षांचं असलं तरी. आणि शेवटचं वाक्य आधी घरातल्या दुसऱ्या कुणाला तरी पाठ करून द्या. तुम्ही बैलापाशीच घोरू लागलात, तर पुढे चेंडूपासून त्यांनी घ्यायचं.